न पाठवायचं पत्र

प्रिय वगैरे काही लिहीत नाही. तुझं नावही नाही.

हे तुला मिळणार नाहीये, म्हणून आज शब्द तोलत बसायचं नाही असं ठरवलंय. मी प्रचंड चिडलेय. तुझ्यासमोर मी "जाऊ दे गं" म्हणाले ना, ते साफ खोटं होतं.

वेगळं राहायचा विचार करतेय हे तुला सांगितलं, तेव्हा माझं स्वतःचंही काही नक्की नव्हतं. नवऱ्याला माहीत नव्हतं, आईला तर नाहीच. तू माझा हात हातात घेऊन म्हणालीस, "माझ्या पोटातच राहील." आठवडाभरसुद्धा राहिलं नाही. तू माझ्या मावसवहिनीला सांगितलंस, तिने मावशीला, मावशीने आईला.

आईचा फोन आला. ती रडली नाही, ओरडलीही नाही. एवढंच विचारलं, "मला सांगावंसं वाटलं नाही का गं तुला?" तिला कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हे मी रात्र रात्र मनात जुळवत होते. ते सगळं तू परस्पर उरकून टाकलंस. आता मी तिला काहीही सांगितलं तरी ते खुलासा दिल्यासारखंच वाटणार.

आणि नवरा! आमचं आता कुठलंही बोलणं "अजून कुणाकुणाला सांगितलंयस?" इथूनच सुरू होतं. कदाचित मी राहिलेही असते त्याच्याबरोबर. कदाचित नसते. पण ते आम्हा दोघांत ठरायचं होतं, तुमच्या गप्पांत नाही.

"काळजीपोटी बोलले" म्हणे. काळजी होती तर मला फोन करायचास, रात्री दोनला केला असतास तरी उचलला असता. शिवाय मी झोपेच्या गोळ्या घेते हेही सांगितलंस, ते कशासाठी? त्याशिवाय "बिचारी" म्हणता येत नव्हतं का? तुझ्या आवाजातलं ते "बिचारी" मला न ऐकताही ऐकू येतंय, आणि सगळ्यात जास्त संताप त्याचाच येतो.

वर तूच रडलीस. तुझे डोळे पुसायचं कामही माझ्याकडेच आलं, आणि मूर्खासारखे मी ते पुसलेही!

तुझं बरंच काही मला माहीत आहे. तू नोकरी का सोडलीस, भावाशी खरं भांडण कशावरून झालं, सगळं. आत्ता ते इथे लिहायला हात शिवशिवतायत. पण या फाडून टाकायच्या कागदावरसुद्धा मी ते लिहिणार नाही. तुझ्यावर उपकार म्हणून नाही हं, मला तुझ्यासारखं व्हायचं नाही म्हणून.

यापुढे भेटलीस तर हसेन, "कशी आहेस?" विचारेन. तू विचारलंस तर "मजेत" म्हणेन. तुला आता एवढंच मिळेल.