कवितेचा ‘बरोबर’ अर्थ

नमस्कार,

गाइडमध्ये एक अर्थ आणि मुलीच्या वहीत दुसरा, मग बरोबर कोणता, असं तुम्ही विचारलंत. दोन्ही बरोबर असू शकतात, पण वाटेल तो नाही.

वर्गात सरावाला दिलेली ओळ बघा: ‘दिवा विझवला, दार मात्र उघडंच ठेवलं.’ वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, एकच आहे आणि तिथे चुकलं तर मी गुण कापते. पुढचं काम व्यंजनेचं, म्हणजे शब्द जे न बोलता सुचवतात त्याचं. कुणाची तरी वाट पाहणं अजून चालू आहे, असं एक वाचन. ‘उघडंच’मधला ‘च’ त्याला आधार देतो. वाट पाहणं संपलंय, दार केवळ सवयीने उघडं आहे, हे दुसरं; त्याला विझवलेल्या दिव्याचा आधार. कवितेने कोण, कुणासाठी, हे सांगितलेलंच नाही, त्यामुळे निकाल देता येत नाही. तुमच्या मुलीने लिहिलं, ‘घरात चोरी झाली.’ त्याला एकाही शब्दाचा आधार नाही, शिवाय दिवा ‘विझवला’ आणि दार ‘ठेवलं’ आहे, म्हणजे दोन्ही कुणीतरी ठरवून केलंय, आपोआप घडलेलं नाही. म्हणून तो अर्थ चूक.

घरी एवढंच करा: तिने अर्थ सांगितला की ‘कोणत्या शब्दावरून?’ असं विचारा. दोन शब्द दाखवता आले आणि एकही ओळ आड येत नसेल, तर उत्तर ठेवा. गाइडमधलं वाक्य पाठ केलेली मुलं अनोळखी कविता आली की अडतात. गाइड उत्तर लिहून झाल्यावरच उघडू दे.

शनिवारी तिची वही पाठवा, खुणा करून देते.