पगाराचा दाखला

पितृपक्षात आमच्या हार्डवेअरच्या दुकानात माशा मारत बसायचं असतं. नवं बांधकाम कुणी काढत नाही, चौकट कुणी बसवत नाही. त्यात यंदा 22 सप्टेंबरपासून सिमेंटचा जीएसटी 28चा 18 होणार असं जाहीर झालेलं, त्यामुळं ज्यांना पितरांचं काही नव्हतं तेही थांबले. येईल ते गिऱ्हाईक गळक्या नळाचं. नळाला पितृपक्ष कळत नाही.

त्या दिवशी सकाळी एक मावशी रुमालात गुंडाळून नळाचा आतला तुकडा घेऊन आल्या. "असलाच द्या." अभिदादांनी कॉम्प्युटरवरनं मान वर केली, "कुठल्या कंपनीचा?" मावशींना काय माहीत? मी तुकडा हातात घेतला, आट्यांवरनं अंगठा फिरवला. बारीक आटे, जुना माल, आता येत नाही. पण वरच्या फळीवर डाव्या अंगाला, बिजागऱ्यांच्या मागं, एका खोक्यात चार-पाच पडून होते. 2019च्या पुरातनं वाचलेले. शिडी लावली, चढलो, काढून दिला. साठ रुपये. उतरताना उजवा गुडघा असा काही कळकला की दोन मिनिटं शिडीलाच टेकून उभा राहिलो.

त्या गुडघ्यापायीच सगळं झालं.

हरिपूर ते सांगलीची गणपती पेठ, बावीस वर्षं सायकल. जाताना चिंचांची सावली असते, येताना अंधार. डॉक्टर म्हणाले, सायकल आणि शिडी, दोन्हीतलं एक सोडा. शिडी सोडली तर नोकरी सुटते, म्हणून सायकल सोडायची ठरवली. गाड्यांचाही जीएसटी उतरणार होता. सुमननं भिशीचे आणि शिवणाचे मिळून तीस हजार साठवलेले, बाकीचे साठ पतसंस्थेतनं काढायचे. पतसंस्थेतल्या मॅडमनी कागदांची यादी दिली: आधार, दोन जामीनदार, पगाराचा दाखला.

जामीनदार दोन दिवसांत मिळाले. दाखला मागायला मला आठवडा लागला.

म्हणजे बघा, दाखलाच मागायचा होता, पगार नव्हे. तरी तोंड उघडेना. 2003 साली चौदाशेवर लागलो, तेव्हापासून अण्णांकडं मी स्वतःसाठी काही मागितलेलं नव्हतं. पहिली पंधरा वर्षं मागायची वेळच आली नाही. दर पाडव्याला अण्णा आपणहून पाकिटात जास्तीचे घालायचे, कधी तीनशे, कधी हजार. 2018च्या पाडव्याला अकरा हजार झाले. आणि मग गाडं तिथंच थांबलं.

2019ला मी ठरवलं होतं, गणपती झाले की विचारायचं. गणपतीच्या आधी पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी 45 फुटांवर गेलं की धोका म्हणतात. त्या ऑगस्टला ते 57वर गेलं. आम्ही रात्रभर माल माळ्यावर चढवत होतो, मी, अण्णा, अभिदादा आणि शेजारचे दोन हमाल. पंप वाचले, रंगाचे डबे वाचले. सिमेंट तेवढं राहिलं. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर पोत्यांचे दगड झालेले. गोण फाडली की आतनं पोत्याच्याच आकाराचा धोंडा. अण्णा त्यातल्या एकावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. पुढं महिनाभर मी रॉकेलात नटबोल्ट धूत होतो. आता त्या माणसाला म्हणायचं, अण्णा, माझे पाचशे वाढवा?

मग लॉकडाऊन. मग 2021ला परत पाणी. मग अण्णांच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसल्या. मग अभिदादांचं लग्न. प्रत्येक वर्षाला एक कारण होतं आणि एकही खोटं नव्हतं. पण गेली दोन वर्षं तसं काही घडलं नव्हतं. दुकानाला काचेचं काउंटर आलं, बाहेर कॅमेरा आला, अभिदादांची चारचाकी आली. मीच गप्प बसायला सरावलो होतो.

सुमन एकदाच म्हणाली, "अहो, गिऱ्हाईकाला भाव सांगताना तुमची जीभ अडत नाही ती." मी म्हणालो, तो माल अण्णांचा असतो. ती काही बोलली नाही, मशीन चालवत राहिली.

तर मावशी साठ रुपये देऊन गेल्या आणि मी शिडीला टेकून उभा असताना अण्णांनी विचारलं, "काय रे दत्ता, गुडघा?"

"व्हय." आणि त्याच दमात बोलून टाकलं, "अण्णा, एक दाखला पाहिजे होता. पगाराचा. गाडीला कर्ज काढतोय."

"अरे मग सांगायचं की आधी!" अण्णा खूश झाले. खरंच खूश झाले. माणूस वाईट नाही, हे मी कुठंही सांगेन. त्यांनी ड्रॉवरमधनं लेटरहेड काढलं, चष्मा पुसला. हिशेब कॉम्प्युटरवर गेले, तरी अण्णांची पत्रं पेनानंच. वळणदार अक्षर, 'स.न.वि.वि.'पासून सुरुवात.

"कर्ज किती?"

"साठ."

"हप्ता?"

"दोन हजाराच्या आसपास. तीन वर्षं."

अण्णांनी पेन थांबवलं. मनात काही आकडेमोड केली, हसले आणि मला डोळा मारल्यासारखं करून म्हणाले, "अकरावर ते लोक नखरे करतील. थांब, तुझं काम करून टाकू." आणि लिहिलं. सही केली, शिक्का मारला, शाई वाळावी म्हणून फुंकर घातली आणि कागद माझ्याकडं फिरवला.

*दरमहा रुपये 15,000/- (अक्षरी रुपये पंधरा हजार फक्त) इतका पगार रोखीने देण्यात येतो.*

मी ते दोनदा वाचलं. माझं नाव, त्याच्यापुढं पंधरा हजार, खाली अण्णांची सही. बावीस वर्षांत माझा पगार कागदावर कधी बघितलाच नव्हता, बघितला तो असा.

"कसं?" अण्णा म्हणाले.

"चांगलं आहे," मी म्हणालो. "मग तेवढा द्या की, अण्णा."

एवढंच. मोठ्यानंसुद्धा बोललो नाही. आत कॉम्प्युटरवर अभिदादा सिमेंटचे नवे दर भरत होते, बटणांचा आवाज थांबला.

अण्णांना आधी कळलंच नाही. "काय द्या?"

"लिहिलंय तेवढा."

"अरे, ते पतसंस्थेसाठी लिहिलंय."

"त्यांना खोटं कशाला सांगायचं?"

"खोटं कुठलं, तुझ्या चांगल्यासाठी..."

"चांगल्यासाठीच आहे, पर हप्ता मला खऱ्या पगारातनं भरायचाय."

अण्णांनी चष्मा काढला. कान तापल्याचं मला माझं कळत होतं. हात कुठं ठेवावे सुचेना, म्हणून काउंटरवरचे सांडलेले स्क्रू गोळा करायला लागलो. पाऊण इंची एकीकडं, एक इंची दुसरीकडं.

"पितृपक्षात कुठं असले विषय काढतोस रे," अण्णा म्हणाले. "घट बसू देत, मग बघू."

बघू. हा शब्द मी उधारीवाल्यांकडनं रोज ऐकतो, आणि त्यावर काय म्हणायचं ते अण्णांनीच मला शिकवलंय. "बघू नको," मी म्हणालो, "तारीख सांगा."

अभिदादा आतनं हसले, मग खोकल्यासारखं केलं.

अण्णा मात्र हसले नाहीत. "पुरात मी तुझा एक दिवसाचा पगार कापला नव्हता, दत्ता. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं, तरी पाकीट घरी पाठवलं."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं. ते पाकीट घेऊन अभिदादा पोलिसांचा दंडुका चुकवत हरिपूरपर्यंत आले होते. पाच वर्षं माझं तोंड त्याच पाकिटानं बंद केलेलं. मी म्हणालो, "नाही कापला. विसरलो नाही मी. म्हणून तर एवढी वर्षं बोललो नाही."

"मग आज काय झालं?"

"गुडघा," मी म्हणालो.

तेवढ्यात एक प्लंबर आला. पाऊण इंची एल्बो आठ, टेफ्लॉन टेप चार, आणि "मालक, तीन सूत जाडीचा रॉड आहे काय?" आठ सुतांचा इंच ही भाषा त्याच्या वयाची पोरं सहसा बोलत नाहीत, एरवी मी चार शब्द बोललो असतो. मी माल काढून दिला, अभिदादांनी बिल केलं, अण्णांनी पैसे घेतले. तिघंही एकमेकांकडं न बघता. प्लंबर गेला.

"अभि, तुझं काय म्हणणं?"

अभिदादा दारात आले. कालपरवापर्यंत या पोराला मी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडत होतो. "पप्पा, गेल्या महिन्यात दत्तामामा चार दिवस लग्नाला गेले होते ना," ते म्हणाले, "त्या चार दिवसांत मी निम्म्या गिऱ्हाइकांना 'नाही' म्हणून पाठवलं. माल इथंच होता. मला सापडत नव्हता."

अण्णांनी ते ऐकून घेतलं. गल्ला उघडला, बंद केला. मग व्यापारी ज्या आवाजात शेवटचा भाव सांगतो त्या आवाजात म्हणाले, "साडेबारा."

माझं 'बरं' ओठावर आलं होतं. खोटं कशाला सांगू, अगदी आलं होतं. पण काउंटरवर तो कागद पडलेला, त्यावर पितळी नळाचं वजन ठेवलेलं, आणि नळाच्या खालनं 'पंधरा हजार फक्त' एवढंच दिसत होतं. मी कागदाकडं बघत गप्प राहिलो. गप्प बसायची सवय एकदा तरी कामाला आली.

"साडेतेरा," अण्णा म्हणाले. "दसऱ्यापासून."

"आणि पंधरा?"

"दिवाळी पाडव्याला... नको. गुढीपाडव्याला. सीझन बघून."

"सीझन बघून नको."

"बरं बाबा, गुढीपाडव्याला!" अण्णा वैतागले, आणि वैतागल्यावर त्यांचा चेहरा नेहमीसारखा झाला तेव्हा मला बरं वाटलं. "आता तो कागद इकडं दे."

त्यांनी दुसरं लेटरहेड काढलं. परत 'स.न.वि.वि.', परत तेच वळण. आकड्यापाशी थांबले. "साडेतेराच लिहितो हां. पतसंस्थेला खोटं कशाला सांगायचं."

"साडेतेराच लिहा."

शिक्का मारला, फुंकर घातली. पहिला कागद मला वाटलं फाडतील. त्याची त्यांनी चौघडी घातली आणि गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात, लक्ष्मीच्या जुन्या फोटोमागं सारली. काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

दुपारी चहा आला. अण्णांनी माझा कप आधी पुढं केला की मला तसं वाटलं, देव जाणे. चार वाजता एक गवंडी आला, त्याला वरच्या फळीवरचा टॉवर बोल्ट हवा होता, बारा इंची. मी शिडी ओढली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि थांबलो.

"अभिदादा," मी म्हणालो, "जरा शिडी धरता का?"