लाल्या जेवतोय!

(हातबाहुल्यांचा खेळ, बालवाडी आणि पहिलीसाठी. बाहुल्या हलवायला दोघं पुरतात.)

पात्रं: चिमी, बंड्या, आज्जी, लाल्या कुत्रा. लाल्या तपकिरी मोज्याचा. त्याचे कान दोऱ्यानं मागं ओढता यावेत, शेपटीत तार असावी. लाल्याला चावताना मात्र कुठंही दाखवू नका, मुलं खिदळतात, "परत चाव!" म्हणतात आणि खेळाचा विचका होतो.

(रंकाळ्याचा काठ. लाल्या भाकरी खातोय.)

चिमी: लाल्याऽऽ! मी त्याला मिठी मारणार!

(धावते. लाल्याचं खाणं थांबतं, अंग ताठ, कान मागं. मनात तीन मोजा, मग हळू गुरगुर.)

आज्जी: थांब गं बाई! पोरांनो, लाल्या काय म्हणाला?

(मुलांना गुरगुरू द्या.)

आज्जी: म्हणजे, "लांब हो!" तुझ्या ताटात कुणी हात घातला तर?

चिमी: मी बोंबलीन की! पण आज्जी, त्याची शेपटी हलतीया.

आज्जी: नुसती शेपटी बघू नगं. अंग ताठ हाय न्हवं? खाताना, झोपलेला असताना, पिल्लं जवळ असताना कुत्र्याच्या वाटंला जायचं न्हाई. पाच पावलं मागं. पळायचं न्हाई, पळालं की कुत्रं मागं लागतं.

(चिमी लाल्याकडं तोंड ठेवूनच सावकाश मागं सरकते. मुलं मोजतात: एक, दोन, तीन, चार, पाच.)

चिमी: आणि तोच जवळ आला तर?

आज्जी: झाड व्हायचं! सगळी उभी ऱ्हावा. पाय जुळवा, हात अंगाला, नजर पायाच्या बोटांवर. तोंडातनं आवाज न्हाई.

(दहा मोजा. लाल्या चिमीला हुंगतो, निघून जातो. एकदा पुरत नाही, पुन्हा करून घ्या. दुसऱ्या वेळी लाल्या मुलांसमोरून फिरवा.)

बंड्या: (कागदाचा दगड उचलून) मी हाणतो त्याला!

(लाल्या शेपटी पायात घालून केकाटतो.)

आज्जी: टाक तो दगड! त्याला लागतं. मग माणूस दिसला की भ्यानं अंगावर येतोय. उन्हाचं त्याला पाणी ठेवू परळात. ठेवणार मी, तुम्ही लांबनं बघायचं.

बंड्या: चावला तर, आज्जी?

आज्जी: बारका ओरखडा असला तरी लगेच घरात सांगायचं. कोण रागवत न्हाई. साबण लावून नळाखाली १५ मिनिटं धुवायचं. हळद, चुना, मिरची कायबी लावायचं न्हाई. मग लगोलग सीपीआर दवाखान्यात जाऊन इंजेक्शन.

चिमी: (मुलांना) लाल्या रिक्षाखाली झोपलाय. काय करायचं?

(उत्तर मुलांकडूनच येऊ द्या. "हाक मारायची" असं कुणी म्हटलं तर लाल्याला दचकवून उठवा, कान मागं, आणि तोच प्रश्न परत विचारा.)

(पडदा पडताच लाल्या पिशवीत टाका. मुलं त्याला कुरवाळायला धावतात, आणि आत्ताच शिकवलेलं तिथंच मोडतं.)