ठसेकाम : भाज्या आणि पानं (मोठा शिशू गट)

गुरुवार, सकाळी साडेनऊ ते साडेदहा. मुलं 26, ताई दोन, मावशी एक. जागा मागचा व्हरांडा. पाऊस आडवा आत आला तर वर्गातच, पण सतरंजी आधी गुंडाळून कपाटावर ठेवायची.

या तासात मुलांनी वस्तू कापून, उलटून, दाबून बघायची आहे. ठशांतून फुलदाणी किंवा मोर तयार करून घ्यायचा नाही. ताईंनी मुलाचा हात धरून ठसा उमटवायचा नाही, फळ्यावर नमुनाही काढायचा नाही. पाच वर्षांचं मूल भेंडीचे तेरा ठसे एकावर एक मारून कागद चिखल करेल, तर ते त्याचं काम आहे. कागद संपला की दुसरा द्यायचा.

बुधवारी करायची तयारी

पालकांच्या गटावर हा निरोप पाठवा:

"नमस्कार. उद्या मुलांचं ठसेकाम आहे. गणवेशाऐवजी जुने कपडे घाला. त्यावर चढवायला बाबांचा किंवा आजोबांचा एक जुना शर्ट पिशवीत द्या. घराजवळ गळून पडलेली चार-पाच पानं मुलांनाच वेचू द्या आणि वर्तमानपत्रात दाबून पाठवा. झाडावरून तोडू नका. रंग पाण्याने जाणारे आहेत. नवीन काहीही विकत आणायचं नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं की काही घरांतून नवे ब्रश आणि रंगपेट्या येतात आणि बाकीची मुलं त्यांच्याकडे बघत बसतात.

भाजी अशी आणायची: पाव किलो भेंडी, अर्धा किलो बटाटे, दोन ढोबळ्या मिरच्या, एक दोडका, एक लहान कोबी. भेंडी मुद्दाम जून मागा. कोवळी भेंडी दाबली की चेपते, जून झालेली ताठ राहते. संध्याकाळी मंडईत किंवा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडे निवडून बाजूला टाकलेला माल असतो, तो आपल्याला उत्तम चालतो आणि खाण्याची भाजीही वाया जात नाही. कांदा नको, डोळे चोळायला हात रंगाचेच जातात. लिंबूही नको. त्याच्या रसाने रंग पातळ होतो आणि कुणाच्या बोटाला खरचटलेलं असेल तर झोंबतं.

पोस्टर रंगाच्या तीन बाटल्या, लाल, पिवळी आणि निळी. हिरवा आणू नका, तो मुलांना सापडू द्या. कागद पाठकोरे, कार्यालयातल्या रद्दीतले. भाजी, रंग आणि मैदा धरून सगळं अडीचशे रुपयांच्या आत बसतं.

खळ

नुसता पोस्टर रंग पातळ असतो. भेंडीच्या खणांत भरतो आणि कागदावर नुसता डाग उमटतो, म्हणून त्यात खळ घालायची. दोन मोठे चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग एक कप पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. इडलीच्या पिठाइतकी दाट झाली की उतरवा. गार झाल्यावर जितकी खळ तितकाच रंग मिसळा. रंग निम्म्याने कमी लागतो, ठसा स्वच्छ उठतो आणि हातावरून, फरशीवरून लवकर निघतो. पावसाळ्यात खळ एका दिवसात आंबते, तेव्हा गुरुवारी सकाळीच करा.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. पुस्तकबांधणीवाल्याकडची तयार खळ आणायची नाही. कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात आणि मोरचूद विषारी आहे. रांगोळीचे रंगही नकोत, त्यांची पूड नाकातोंडात जाते. हळद घरचीच असली तरी कपड्यावर बसते आणि साबण लागला की लाल होते. कुणाच्या शर्टाला लागलीच, तर धुऊन कडक उन्हात वाळवा, पिवळेपणा उतरतो.

मांडणी

गणपतीतले जुने फ्लेक्स माळ्यावर आहेत, ते कोऱ्या बाजूने वर करून अंथरा. वर्तमानपत्र ओलं होऊन फाटतं आणि फरशीला चिकटतं. फ्लेक्स एका ओल्या फडक्याने पुसून निघतो. वर्तमानपत्र हात पुसायला ठेवा.

रंगाची गादी: श्रीखंडाच्या डब्याचं झाकण, त्यात जुन्या बनियनची चौपदरी घडी, त्यावर दोन चमचे रंग पसरलेला. भाजी रंगात बुडवायची नाही, गादीवर टेकवायची. सहा गाद्या करा, प्रत्येक रंगाच्या दोन. एका गादीभोवती चार-पाच मुलं.

बटाटे सकाळी अर्धे कापा आणि कापलेली बाजू कोरड्या फडक्यावर दहा मिनिटं पालथी घाला. बटाट्याला पाणी सुटतं, त्यावर रंग धरत नाही. पाठीकडून दोन्ही बाजूंनी थोडं कापून मधे मूठ ठेवा, म्हणजे लहान हाताला पकड मिळते. भेंडीचा देठाकडचा बोटभर तुकडा ठेवा. ढोबळी मिरची आडवी कापायची, देठाकडचा भाग देठाला धरून वापरता येतो. कोबीची उभी चिरलेली फोड द्या. सुरी ताईंच्याच हातात असेल आणि काम झालं की ती व्हरांड्यात राहणार नाही.

शर्ट उलटा चढवायचा, बटणं पाठीकडे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मावशी प्रत्येकाच्या नखांभोवती खोबरेल तेलाचं बोट फिरवतील. थेंबभरच, तळहाताला नको, नाहीतर कागदावर तेलाचे डाग पडतात. कागदाच्या मागे नाव पेन्सिलीने आधीच लिहून ठेवा.

सुरुवात (दहा मिनिटं)

सगळी मुलं गोलात. ताईंच्या हातात एक अख्खी भेंडी.

"ही कोण? बरोबर, भेंडी. बाहेरून हात लावून बघा. खरखरीत आहे ना? धारा किती आहेत, मोजू या. आता मी ही आडवी कापणार आहे. आत काय दिसेल? कुणाला वाटतं गोल दिसेल? कुणाला वाटतं बिया?"

उत्तरं येऊ द्या, कुणाचं चूक म्हणू नका. मग सगळ्यांसमोर कापा आणि तुकडा हातोहात फिरवा. बहुतेक भेंड्यांना पाच खण असतात, एखादीला सहा-सातही निघतात. असं निघालं तर लगेच दुसरी कापून शेजारी धरा. दोडक्याला दहा शिरा असतात. त्याही मुलांसोबत बोट ठेवून मोजा, दहापर्यंतची मोजणी आपोआप होते.

ठसा कसा उमटवायचा ते एकदाच दाखवा: "टेकव, दाब, उचल. घासायचं नाही." पुन्हा रंग न लावता लागोपाठ तीन ठसे मारा आणि विचारा, "तिसरा फिका का झाला?" उत्तर तुम्ही देऊ नका.

काम (प्रत्येकी वीस मिनिटं, मग अदलाबदल)

निम्मी मुलं भाज्यांकडे, निम्मी पानांकडे.

भाज्यांच्या बाजूला ताईंनी फारसं बोलायचं नाही. मूल थांबलं तर "हीच भाजी उलट्या टोकाने दाबली तर?" इतकंच. पिवळ्या गादीवरची भेंडी निळ्यावर गेली की हिरवा सापडतो आणि आरडाओरडा होतो. होऊ द्या. शेवटी सगळ्या गाद्या तपकिरी होणार. तेवढ्यासाठी कुणाला रागवू नका, फार झालं तर बनियनची घडी उलटा.

पानांना मोठ्या माणसाची मदत जास्त लागते, म्हणून मावशी इकडे बसतील. पानाची मागची बाजू वर घ्यायची, शिरा तिकडे उठावदार असतात. ती बाजू गादीवर हलकी दाबायची, पान कोऱ्या कागदावर रंगाकडून पालथं ठेवायचं, वर रद्दीचा कागद. एका हाताने कागद धरायचा, दुसऱ्या हाताच्या तळव्याने मधून कडेकडे चोळायचं. रद्दी काढायची आणि पान देठाला धरून उचलायचं. हे उचलणं सावकाश होऊ द्या. पेरूच्या पानाच्या आडव्या शिरा एकामागून एक कागदावर दिसतात तेव्हा मुलं स्वतःहून गप्प होतात.

पेरू, जास्वंद, पारिजातक आणि आपटा यांचे ठसे सुंदर येतात. पारिजातकाचं पान गालाला लावून बघायला सांगा, त्याचा खरखरीतपणा ठशातही उतरतो. आपट्याचं पान मुलं दसऱ्यामुळे ओळखतातच, त्याचा मधला दुभंग बोटाने फिरवून दाखवा. पिंपळाचं गळलेलं पान घ्या, ताजं तोडलेलं नको, त्याचा चीक हाताला लागतो.

घरून आलेली पानं वाटण्याआधी ताईंनी एकदा चाळून घ्यायची. कण्हेर, रुई, घाणेरी आणि कुंडीतलं डिफेनबाखिया दिसलं तर बाजूला काढा. टेकडीजवळ राहणाऱ्या मुलांकडून गिरिपुष्पाची पानं हमखास येतात. आपल्या टेकड्यांवर ते भरपूर आहे, पण त्याला उंदीरमारी म्हणतात ते उगाच नाही. तेही काढा. मुलाला "वाईट पान आणलंस" असं म्हणू नका, "हे बघण्याचं पान आहे, हाताळण्याचं नाही" म्हणून खिडकीवरच्या बरणीत ठेवा. अळू खाजतं, शिवाय त्याच्या वरच्या बाजूवर रंग ठरतच नाही. ताईंनी स्वतःच्या हातात धरून त्यावर पाण्याचा थेंब घरंगळवून दाखवला, तर पाच मिनिटं मजेत जातात.

आवराआवर (दहा मिनिटं, मुलांसकट)

हा तासाचाच भाग आहे. सगळं मावशींच्या गळ्यात टाकून मुलांना डब्याला बसवायचं नाही.

नळावर कुणाला पाठवू नका, बेसिन तुंबतं आणि व्हरांडाभर रंगीत पावलं उठतात. तीन पायऱ्या ठेवा. आधी वर्तमानपत्राच्या तुकड्याने हात कोरडे पुसायचे, बहुतेक रंग तिथेच जातो. मग पहिली बादली, साबणाच्या पाण्याची. मग दुसरी, साध्या पाण्याची. शेवटी पंचा. पाच-पाच मुलं रांगेने. ज्यांचा नंबर यायचा आहे त्यांनी ओल्या फडक्याने फ्लेक्स पुसायचा, हे काम मुलांना फार आवडतं.

रंगाचे तुकडे पुसून ओल्या कचऱ्यात, रंगलेलं वर्तमानपत्र सुक्या कचऱ्यात. रंग लागलेली भाजी बाहेर गाईपुढे टाकायची नाही. उरलेली न कापलेली भाजी मावशी घरी नेतील. बनियनच्या घड्या लगेच बादलीत भिजत घाला, खळ वाळली की कडक होते.

कागद दोरीवर चिमट्यांनी अडकवा, पंखा चालू ठेवा. या हवेत वाळायला शुक्रवार दुपार उजाडेल. ओले कागद एकावर एक ठेवले तर चिकटतात. भिंतीवर लावताना सगळ्यांचे लावा, निवडक नाही, आणि मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. सोमवारी ते घरी जातील. त्या दिवशी न्यायला आलेल्या आईबाबांना किंवा आजीला एवढंच सांगा: "हे काय आहे, असं विचारू नका. कशाने केलंस, ते विचारा."