आई-बाबांना घरीच मदत

कोथरूडमध्ये आमचे ताई-दादा रोज सकाळी ८ ते १२ तुमच्या घरी येतात. आंघोळ, नाश्ता, औषधांची आठवण, थोडं चालणं.

आंघोळीआधी फरशी कोरडी पुसतो, रबरी चटई अंथरतो. ओल्या फरशीवर पाय घसरतो, म्हणून यात घाई करत नाही.

गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणेच. इंजेक्शनसाठी नर्स वेगळी येते.

महिन्याला ९,००० रुपये. आगाऊ काही नाही. मदतनीस पटला नाही, तर ३ दिवसांत बदलून देतो.

एटीएमचा पिन कोणालाच सांगू नका, आमच्या माणसालाही नाही.

ही फिकट निळी चौकट कापून फोनजवळ लावा:

रुग्णवाहिका: १०८
ज्येष्ठांची हेल्पलाइन: १४५६७