खोड शोधा: तिकीट काढण्याआधीची उलटतपासणी

(शहाद्याहून पुण्याच्या रेसला जाणाऱ्या पाच जणांसाठी. ऑगस्टचा शनिवार, चौथी रेस, 1400 मीटर हँडिकॅप. पसंती: 4 नंबर.)

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना विकणाऱ्याच्या बोलण्यावर कोणी जात नाही. दात बघायचे, खूर उचलून बघायचे, चालवायचा, पळवायचा, भोवरे तपासायचे. खोड सापडली तर किंमत उतरते, म्हणून सगळे खोडच शोधतात. तोच गडी रेसकार्ड हातात आलं की ‘आपला घोडा भारी शे’ म्हणत नुसते गुण वेचतो. इथे खोड सापडली तर आपलाच बेत मोडतो ना!

मानसशास्त्रज्ञ पीटर वासन यांनी 1960 मध्ये लोकांना 2-4-6 हे आकडे देऊन त्यामागचा नियम शोधायला सांगितलं. बहुतेकांनी ‘दोन-दोनची वाढ’ असं मनात धरलं आणि 8-10-12 सारखेच आकडे विचारले. दरवेळी ‘बसतं’ असं उत्तर आलं, खात्री वाढत गेली. नियम मात्र ‘चढते आकडे’ एवढाच होता. 1-2-7 एकदा विचारलं असतं तरी उलगडा झाला असता. आपल्या अंदाजानुसार ‘नाही’ यायला हवं, असा प्रश्न विचारणं म्हणजेच तपासणी.

आधी आकडा. भाव बघण्याआधी, टिपा वाचण्याआधी, घोडा जिंकण्याची शक्यता प्रत्येकाने वेगवेगळी लिहावी. एकाने मोठ्याने सांगितलं की बाकीचे त्याच्या आसपासच येतात. आपली सरासरी 45 टक्के आली.

मग लागणारा आकडा. भाव 100 ला 250. जिंकलं तर 350 हातात, म्हणजे 28.6 टक्क्यांना बरोबरी. पण 100 च्या तिकिटावर सध्याचा 40 टक्के जीएसटी धरला तर खिशातून 140 जातात. 140 भागिले 350, म्हणजे 40 टक्के. याच्या खाली तिकीट काढायचंच नाही. कर विसरून केलेला हिशोब आपल्याला सोयीचा दिसतो, म्हणून हा आकडा कागदावर सर्वात वर.

आता वीस मिनिटं फक्त विरोधात. एक जण विरोधी वकील. त्याने 4 नंबरची बाजू एकदाही घ्यायची नाही. दर रेसला वकील बदला, नाहीतर ‘हा नेहमीच मोडता घालतो’ म्हणून त्याचं ऐकणं बंद होतं.

☐ मागचा विजय कुठल्या अंतराचा? 1200 मीटर, तोही शेवटी थकत. उरलेले 200 मीटर आपण गृहीत धरलेत.

☐ वजन? तेव्हा 53 किलो, आता 57. जिंकल्यावर रेटिंग चढतं आणि वजन वाढतं. ‘परवाच जिंकलाय’ हे कौतुक म्हणून वाचतो, त्याच ओळीत वजनाचा बोजाही आहे.

☐ जमीन? तो विजय मार्चमधला, महालक्ष्मीच्या कोरड्या ट्रॅकवर. आता पुण्यात पावसाळा. जमीन किती मऊ ते सांगणारं पेनेट्रोमीटरचं वाचन बघा. ओल्या जमिनीवर हा कधी पळालाय का? एकदा, सातवा आला. ती रेस ‘धरायची नाही’ असं कोणी म्हणालं तर विचारा: पहिला आला असता तर धरली असती का?

☐ ज्यांना हरवलं ते घोडे पुढे काय करू शकले? चारपैकी एकही नंतर जिंकलेला नाही.

☐ तीन जणांची एकच टिप? मूळ शोधा. एकाचं वाचून दुसऱ्याने लिहिलं असेल तर तो एकच पुरावा.

☐ 7 नंबरवर पैसे लावणारा आपल्याला काय सांगेल? त्याची बाजू त्याला पटेल अशी, तीन वाक्यांत लिहा. जमली नाही तर 7 नंबरचा अभ्यास झालेला नाही.

वीस मिनिटांत काहीच विरोधी सापडलं नाही तर घोडा निर्दोष ठरत नाही. शोध नीट झाला नाही. आणि ‘घोड्याचा मूड’ किंवा ‘नशीब’ असली खोड भरतीला घालू नका. ज्याने आकडा हलत नाही ती खोड नव्हे.

पुन्हा आकडा. परत वेगवेगळा लिहा, पहिल्यावर काट मारून, खोडरबर नको. आपली सरासरी 30 वर आली. लागतात 40. चौथ्या रेसला तिकीट नाही. ‘एवढ्या लांबून आलोय तर छोटं तिकीट तरी’ ही सूचना येणारच. प्रवासाचा खर्च घोड्याच्या पायात जोर भरत नाही.

रेसनंतर. निकालाशेजारी कागदावरचीच कारणं तपासा, नवी जोडू नका. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच यांनी 1983 मध्ये दाखवलं की पैज हरलेले लोक हार समजावून सांगत बसतात आणि जीत तशीच पदरात घेतात. ‘जॉकीने धरला’ लिहायचं असेल तर आपण जिंकलेल्या रेसमध्ये दुसऱ्याचा जॉकी धरत होता का, तेही लिहा. 4 नंबर जिंकला तरी कागद फाडू नका. 30 टक्केवाले घोडे दहात तीनदा जिंकायचेच. वीस-तीस कागद साठले की आपले 30 खरोखर 30 असतात का ते मोजता येईल.

हा कागद रेसकोर्सवरच्या परवानाधारक बेटिंगपुरता. क्रिकेटचा सट्टा आणि पैशांचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद आहेत. तिथे तपासायचं काही उरत नाही.