बांधकामस्थळाचे सुरक्षा फलक: लावण्यासाठीचा अंतिम मजकूर

हा मजकूर 11 मजली इमारतीच्या चालू बांधकामावर लावायच्या फलकांसाठी आहे. जुने फलक इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणले होते. ‘या सीमेपलीकडे वैयक्तिक संरक्षक साधने परिधान करणे अनिवार्य आहे’ हे वाक्य हातात घमेले घेऊन चालणाऱ्या माणसाचे वाचून पूर्ण होत नाही, आणि झाले तरी डोक्यावर काय घालायचे ते त्याला त्यातून कळत नाही. म्हणून प्रत्येक फलकावर आज्ञा मोठ्या अक्षरांत आणि तिचे कारण खाली लहान अक्षरांत लिहावे. निळे वर्तुळ म्हणजे हे कराच, लाल तिरकी रेघ असलेले वर्तुळ म्हणजे हे करू नका, पिवळा त्रिकोण म्हणजे इथे धोका आहे आणि हिरवा चौकोन म्हणजे सुटकेची किंवा प्रथमोपचाराची जागा. रंगाऱ्याने या रंगांत बदल करू नये, कारण ज्याला वाचता येत नाही तो रंग आणि चित्र पाहूनच थांबतो.

मुख्य फाटक (निळा)

हेल्मेट घाला. हनुवटीचा पट्टा लावा.
बूट घाला. चमकते जाकीट घाला.

पट्टा न लावलेले हेल्मेट माणूस पडताना डोक्यावरून आधी निघून जाते. ज्या हेल्मेटवर एकदा जोराचा मार बसला आहे, ते वरून धड दिसले तरी आतून तडकलेले असू शकते. ते भांडारात परत द्या आणि नवीन घ्या. त्याचे पैसे मजुरीतून कापले जाणार नाहीत.

(शेवटचे वाक्य जागेअभावी गाळू नये. पैसे कापले जातील या भीतीनेच तडकलेली हेल्मेट वापरात राहतात.)

जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर, परांचीकडे जाताना (निळा)

आधी हुक अडकवा. मग पाऊल टाका.
हुक डोक्याच्या वर अडकवा.
दुसरा हुक लागल्याशिवाय पहिला सोडू नका.

हुक पायाशी अडकवला आणि दोरी 2 मीटरची असली, तर दोरी ताणली जाईपर्यंत माणूस सुमारे साडेतीन मीटर खाली गेलेला असतो, आणि तेवढ्यात खालचा स्लॅब त्याला गाठतो. हुक पिवळ्या रंगाच्या जीवनदोरीलाच लावा; पाण्याच्या नळाला, विजेच्या पाइपला किंवा सुट्या सळईला लावू नका.

कोणी लटकला तर भोंगा वाजवा. त्याला लगेच उतरवा.

हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या मांड्या पट्ट्यांनी आवळल्या जातात, पायांतले रक्त वर परतत नाही आणि थोड्याच मिनिटांत त्याची शुद्ध हरपू शकते. तो पडण्यापासून वाचला म्हणून काम संपले असे समजू नका.

(येथे पूर्वी ‘उंचीवर काम करताना सावधगिरी बाळगा’ असा फलक होता. तो काढून टाकावा. सावधगिरी बाळगायची म्हणजे हातांनी नेमके काय करायचे, हे तो सांगत नव्हता.)

परांचीच्या पायथ्याशी

हिरवे कार्ड: चढा.
लाल कार्ड: चढू नका.
कार्ड नाही: चढू नका.

स्लॅबमधील छिद्रांवरच्या प्रत्येक फळीवर, थेट रंगाने (पिवळा)

खाली खड्डा आहे. फळी उचलू नका.

प्लायची फळी कामाला लागेल म्हणून माणूस ती दोन्ही हातांनी उचलतो, तिच्यामुळे समोरचे दिसत नाही, आणि पुढचे पाऊल नेमके तिच्याखालच्या छिद्रातच पडते. फळी खिळ्यांनी पक्की केल्याशिवाय हा मजकूर रंगवू नये.

शिडीजवळ (निळा)

4 हात उंच, तर पाया 1 हात बाहेर.
शिडी वरच्या कडेपेक्षा 1 मीटर उंच ठेवा.
तोंड शिडीकडे ठेवा. हातात सामान घेऊ नका.

चराच्या कडेला (पिवळा)

आधार लावल्याशिवाय उतरू नका.
माती कडेपासून 1 मीटर दूर टाका.
पाऊस पडला? मुकादमाने पाहिल्याशिवाय उतरू नका.

एक घनमीटर माती दीड टनाहून जड भरते. छातीपर्यंत दबलेल्या माणसाला तोंड उघडे असूनही श्वास घेता येत नाही, कारण छाती फुगायला जागाच उरत नाही.

भूमिगत पाण्याच्या टाकीच्या झाकणावर (लाल)

थांबा. परवाना नाही, तर उतरू नका.
आधी हवा मोजा. मग उतरा.
एक आत, एक वर. वरचा जागा सोडणार नाही.
आतला कोसळला? तुम्ही उतरू नका. भोंगा वाजवा.

नवी, रिकामी, कोरडी दिसणारी टाकीसुद्धा जीव घेते. आत राहिलेले सेंट्रिंगचे ओले लाकूड कुजताना हवेतला प्राणवायू खाते, तो 19.5 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर आत जायचे नाही. काडी पेटवून हवा तपासू नका, कारण आत पेट घेणारा वायू असू शकतो. वास येत नाही म्हणून हवा चांगली आहे असेही समजू नका. काही विषारी वायूंमुळे नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. आपला माणूस खाली पडलेला पाहून दुसरा धावत उतरतो, मग तिसरा, आणि तिघेही तिथेच राहतात. त्याला वाचवायचे असेल तर वर राहा, पंखा सुरू करा, त्याच्या हार्नेसची दोरी तिपाईच्या चक्राने वर ओढा.

(या फलकाचा लहान मजकूर दर सोमवारी कामापूर्वी मुकादमाने मोठ्याने वाचून दाखवावा. यात शब्द जास्त आहेत आणि ते कमी करणे मला योग्य वाटले नाही.)

टॉवर क्रेनखाली (लाल)

लटकत्या मालाखाली उभे राहू नका.
इशारा एकच माणूस देईल. ‘थांबा’ कोणीही म्हणू शकतो.

विजेच्या मुख्य पेटीवर आणि मिक्सरवर (निळा)

वीज बंद करा. स्वतःचे कुलूप लावा. चावी खिशात ठेवा.
बटण दाबून पाहा. यंत्र हलले नाही, तरच हात घाला.

दुसऱ्याचे कुलूप उघडू नका, ते तोडू नका. दोघे काम करत असतील तर कुलपेही दोन हवीत, कारण एकाचे काम आधी संपते आणि तो वीज सुरू करून निघून जातो. ‘काम चालू आहे’ अशी नुसती पाटी लटकवून कोणाचाही हात वाचत नाही.

वेल्डिंगच्या जागी

सिलिंडर उभा ठेवा. साखळीने बांधा.
ऑक्सिजनला तेल किंवा ग्रीस लावू नका. स्फोट होतो.
काम संपले? अर्धा तास थांबा, ठिणगी शोधा.

सिमेंट कालवण्याच्या जागी (निळा)

हातमोजे घाला. चष्मा घाला.
डोळ्यात गेले? 20 मिनिटे पाण्याने धुवा. मग डॉक्टरांकडे जा.

ओले सिमेंट त्वचा हळूहळू जाळते आणि सुरुवातीला दुखत नाही, त्यामुळे बुटात शिरलेले सिमेंट संध्याकाळपर्यंत तसेच राहते. बूट लगेच काढा, पाय धुवा.

प्रत्येक मजल्यावर, अग्निशामकाजवळ

पिन ओढा. नळी आगीच्या बुडाशी धरा. दाबा. डावीकडून उजवीकडे फिरवा.
विजेच्या आगीवर पाणी टाकू नका.

सुटकेच्या वाटेवर (हिरवा)

तीन लांब भोंगे: हातातले काम सोडा.
जिन्याने उतरा. लिफ्ट वापरू नका.
फाटक क्रमांक 2 बाहेर उभे राहा. आपले नाव सांगा.

सामान आणायला परत फिरू नका. तुमचे नाव यादीत मिळाले नाही, तर तुम्हाला शोधायला कोणीतरी आत जाईल.